पट्टी खाली घेतली असती तर?

बँडचा गायक गेला, नवा आला, की चाहत्यांत दोन तट पडतात. लोक म्हणतात, हे भावनेचं प्रकरण आहे. असेलही. पण मला वाटतं, खरी ठिणगी नव्या अल्बमपेक्षा जुन्या गाण्यांवरून, आणि तीही स्टेजवर पडते.

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचंच बघा. या बँडने गायक एकाहून अधिक वेळा बदलला. 1981 मध्ये पॉल डिॲनो गेला, ब्रूस डिकिन्सन आला, आणि 1982 चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. डिॲनोचे कट्टर चाहते आजही आहेत, पण त्याच्या आवाजातले अल्बम दोनच होते. शिवाय डिकिन्सनचा आवाज त्याच्यापेक्षा वर जाणारा, त्यामुळे ती गाणी त्याला जड गेली नाहीत.

1993 मध्ये डिकिन्सन गेला आणि पुढच्या वर्षी ब्लेझ बेली आला. त्याच्या वाट्याला आधीच्या गायकाचे सात अल्बम आले. बरं, आवाज जाड, खालच्या पट्टीत खुलणारा. साधा उपाय होता: गिटारी थोड्या उतरवून पट्टी खाली घ्यायची. कितीतरी बँड ते बिनबोभाट करतात. मेडनने मूळ पट्टी सोडली नाही. मग 'द ट्रूपर'सारख्या गाण्यात वरच्या जागा आल्या की बेलीचा घसा ताणला जायचा. ऐकणाऱ्याला पट्टीचं गणित कळत नाही, त्याला एवढंच कळतं की 'हा कमी पडतोय'. दोष बँडच्या निर्णयाचा, शिव्या गायकाला.

त्यात गेलेला गायक हयात आणि फॉर्मात. 1997 मध्ये डिकिन्सनने मेडनचाच जुना गिटारवादक एड्रियन स्मिथ याला घेऊन स्वतःचा दणदणीत अल्बम काढला. परत येण्याची आशा जिवंत असली की नवा माणूस पाहुणाच राहतो. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट 1980 मध्ये वारला, ब्रायन जॉन्सन आला आणि लोकांनी त्याला स्वीकारलं, यात ही आशा उरली नव्हती याचाही वाटा आहे. (गाणी जबरदस्त होती, हेही आहेच.)

बेलीचे दोन अल्बम विक्रीत मागे पडले आणि 1999 मध्ये डिकिन्सन परतला. गंमत पुढे आहे. 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही बेलीच्या काळातली गाणी तो रिओच्या मैफिलीत गायला, आणि प्रचंड गर्दीने ती डोक्यावर घेतली. म्हणजे गाण्यांत खोट नव्हतीच! तरी 'साइन ऑफ द क्रॉस'चा तो अंधारा, संथ सुरुवातीचा भाग मला आजही बेलीच्याच आवाजात हवा असतो. डिकिन्सनवाल्यांनी खाली येऊन खुशाल भांडावं.