पाणी वाढवले तरी मीटरचा आकडा का हलत नाही

«जमीन कोरडी आणि टणक असली की थोडेफार जिप्सम किंवा क्षार असले तरी बांधकामाला काही होत नाही. खात्री हवी तर माती पाण्यात ढवळून टीडीएस मीटर बुडवा, आकडा दीड हजाराच्या आत आला की बिनधास्त पाया घाला. फारच शंका असेल तर चुना मिसळून माती पक्की करा आणि सल्फेटरोधक सिमेंट वापरा, विषय संपला.»

या सल्ल्यातले पहिले विधान जमीन कोरडी आहे तोपर्यंत खरे आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. अशा मातीत जिप्समचे, म्हणजे पाणी बांधलेल्या कॅल्शियम सल्फेटचे, बारीक स्फटिक कणाकणांच्या सांध्यांवर बसलेले असतात आणि त्यांनीच ती सच्छिद्र माती उभी धरलेली असते. त्यामुळे कुदळ उसळते आणि चाचणी खड्ड्याच्या भिंती आधाराशिवाय उभ्या राहतात, परंतु तो टणकपणा मातीचा नसून विरघळणाऱ्या बंधाचा असतो. पाणी शिरले की बंध सुटतात, कण मोकळ्या पोकळ्यांत घसरतात आणि भार न वाढताही जमीन खचते.

हे आधी पाहायचे असेल तर न विस्कटता काढलेला मातीचा नमुना ओडोमीटर या दाबाखाली माती किती बसते ते मोजणाऱ्या उपकरणात आहे त्याच ओलाव्यावर ठेवावा, दाब टप्प्याटप्प्याने 200 किलोपास्कलपर्यंत न्यावा आणि मग त्याच दाबाखाली नमुन्यात पाणी सोडावे. 20 मिलिमीटर जाडीचा नमुना पाणी सोडल्यावर आणखी 1.2 मिलिमीटर बसला, तर खचणे 6 टक्के झाले. तोच थर पायाखाली 2 मीटर जाड असेल आणि पूर्ण भिजला, तर जमीन सुमारे 12 सेंटीमीटर खाली जाऊ शकते. प्रत्यक्षात इमारतीचा एकच कोपरा भिजतो, आणि तडे पडतात ते या असमान खचण्याने.

एका दिवसाची ही चाचणी बंध सुटल्याचे दाखवते, परंतु जिप्सम वाहून गेल्यावर काय होईल ते दाखवत नाही. त्यासाठी नमुन्यातून ताजे पाणी आठवडेच्या आठवडे वाहते ठेवून बसण्याची नोंद घ्यावी लागते. एक लिटर शुद्ध पाणी सुमारे 2.4 ग्रॅम जिप्सम विरघळवते, म्हणजे साठलेले पाणी लवकरच संपृक्त होऊन थांबते. घात करते ते वाहते पाणी. फुटक्या नळातून ताशी 10 लिटर पाणी झिरपत असेल आणि प्रत्येक लिटरने 2 ग्रॅम जिप्सम नेले, तर दिवसाला 480 ग्रॅम आणि वर्षाला सुमारे 175 किलो जिप्सम जाते, आणि मागे 75 लिटरची पोकळी उरते. प्रत्येक थेंब इतका भरून निघत नाही, म्हणून ही वरची मर्यादा समजावी. तरीही कोपऱ्याच्या पायाखाली याच्या निम्मी पोकळीसुद्धा पुरेशी आहे.

आता मीटरकडे वळू, कारण सर्वाधिक फसगत तिथे होते. समजा मातीत वजनाच्या 12 टक्के जिप्सम आहे. 100 ग्रॅम माती 200 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळली, तर त्यातील 12 ग्रॅमपैकी जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळतो आणि बाकीचे जिप्सम तळाशी तसेच राहते. मातीत अर्धा टक्का जिप्सम असते तरी आकडा जवळपास हाच आला असता. टीडीएस मीटर क्षार थेट मोजत नाही, तो पाण्याची विद्युत वाहकता मोजून त्यावरून आकडा काढतो. जिप्समच्या संपृक्त द्रावणाची वाहकता 2.2 मिलिसीमेन्स, म्हणजे 2200 मायक्रोसीमेन्स, प्रति सेंटीमीटरच्या आसपास असते, आणि मायक्रोसीमेन्सच्या आकड्याला 0.5 ने गुणणारा साधा मीटर त्याचे सुमारे 1100 दाखवतो. हा आकडा दीड हजाराच्या आत आहे हे उघडच आहे, आणि मातीत जिप्सम कितीही असले तरी, दुसरे क्षार नसतील तर, तो फारसा वर जाणार नाही.

मीटर फेकून देण्याची मात्र गरज नाही, फक्त त्याला दुसऱ्या पद्धतीने प्रश्न विचारावा. माती वाळवून बारीक कुटावी, एका भागाला 2, 10, 20, 50 आणि 100 भाग पाणी अशी मिश्रणे करावीत, काही तास हलवत ठेवावीत आणि मगच वाहकता मोजावी. साधे मीठ असेल तर पाणी वाढवताच आकडा त्या प्रमाणात घसरतो. जिप्सम भरपूर असेल तर 2 पटीला आणि 20 पटीला आकडा 2.2 जवळच रेंगाळतो, कारण तळचा साठा प्रत्येक वेळी नव्याने विरघळत राहतो. आपल्या 12 टक्क्यांच्या मातीत प्रत्येक किलोमागे 120 ग्रॅम जिप्सम आहे आणि ते संपायला सुमारे 50 लिटर पाणी लागते. म्हणून आकडा खऱ्या अर्थाने 50 पटीनंतर पडू लागतो. ज्या पटीला तो पडू लागला, त्यावरून प्रमाणाचा ढोबळ अंदाज येतो. नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत आम्लात काढलेले एकूण सल्फेट मागावे, केवळ जलविद्राव्य सल्फेट नव्हे.

खड्ड्यावर उभ्या उभ्या करता येण्याजोगी एक खूणही आहे. भिंतीत चमकणारे पांढरे धागे किंवा चकत्या दिसल्या तर नखाने ओरखडा काढावा आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. नख उमटले आणि फेस आला नाही तर ते बहुधा जिप्सम. नख उमटले नाही आणि फसफसले तर चुनखडी. ओलावा मोजताना नेहमीच्या 110 अंशांच्या ओव्हनवर मात्र विसंबू नये. जिप्सममध्ये वजनाच्या 20.9 टक्के स्फटिकजल असते. ते त्या तापमानाला बरेचसे निघून जाते आणि आपल्या मातीत सुमारे अडीच टक्क्यांपर्यंत खोटा ओलावा दाखवते. नमुना आधी 50 ते 60 अंशांवर वजन स्थिरावेपर्यंत वाळवावा. त्यानंतर 110 अंशांवर होणारी घट जिप्समचा सुगावा देते, परंतु फुगणारी चिकणमातीही याच टप्प्यात थोडे पाणी सोडते, म्हणून रासायनिक पडताळा लागतोच.

चुन्याचा सल्ला तर येथे उलटा पडतो. जिप्सम स्वतः पाण्याने फुगत नाही, कारण त्यात आधीच पाणी बांधलेले असते. फुगतो तो निर्जल अ‍ॅनहायड्राइट, जो जिप्सम होताना आकारमानाने सुमारे 60 टक्के वाढतो. जर्मनीतील श्टाउफेन गावात 2007 मधील भूऔष्णिक छिद्रांतून अशा थरात पाणी पोहोचले आणि घरे वर उचलली जाऊन तडकली. चुना घातला की मात्र जिप्समयुक्त मातीतही फुगवटा तयार होतो. चुन्याने मातीचा सामू 12 च्या वर जातो, चिकणमातीतील अ‍ॅल्युमिना मोकळी होते आणि ती कॅल्शियम, सल्फेट व भरपूर पाणी यांच्याशी मिळून एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक बनवते. लास वेगासच्या स्टुअर्ट अव्हेन्यू या रस्त्याच्या चुना मिसळलेल्या थराला असेच फुगवटे आले होते, आणि भूतंत्र अभियंते जेम्स मिचेल यांनी 1986 मध्ये त्याची कारणमीमांसा मांडली. प्रतिकिलो 3000 मिलिग्रॅमपर्यंत सल्फेट असेल तर धोका सहसा कमी मानतात आणि 8000 च्या पुढे चुना टाळतात. अर्धा टक्का जिप्समदेखील पहिल्या मर्यादेजवळ नेते. 12 टक्के म्हणजे सुमारे 67,000.

सल्फेटरोधक सिमेंटचे काम काँक्रीट वाचवण्याचे आहे आणि तिथे ते योग्यच आहे. पायाखालून जिप्सम वाहून जाणे त्याने थांबत नाही. शाबूत काँक्रीटच पोकळीवर अधांतरी राहते. मातीत क्लोराइडही असेल तर या सिमेंटमध्ये मुद्दाम कमी ठेवलेले ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट आड येते, कारण क्लोराइड बांधून ठेवणारा घटक तोच असतो आणि तो कमी असल्याने सळ्या लवकर गंजू शकतात. म्हणून सिमेंट निवडण्याआधी सल्फेटसोबत क्लोराइडही तपासावे, आणि तेही एकाच खोलीवरून नव्हे. बाष्पीभवनाने क्षार पृष्ठभागाकडे चढतात, तर जिप्समचा थर अनेकदा त्याखाली, पावसाचे पाणी मुरून थांबते तिथे साचतो. पायाच्या तळापासून खालचे नमुने घेतले नाहीत तर तो अहवालात येतच नाही.