पौष महिना आणि ७८ चा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

«शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. १८१९ अधिक ७८ म्हणजे १८९७. तुम्ही मात्र निपाणीकडच्या त्या दानपत्राखाली २२ जानेवारी १८९८ लिहिलंय. शिवाय फोटोत शेवटचा आकडा ९ आहे की १, तेच कळत नाही. अंदाज असेल तर अंदाज म्हणा की!» — खानापूरचे एक वाचक

नमस्कार. मागच्या लेखात मी नुसती तारीख दिली, हिशेब दाखवला नाही, ही माझी चूक. तो आता दाखवतो.

शक गुढीपाडव्याला बदलतो, इसवी सन १ जानेवारीला. त्यामुळे चैत्रापासून कार्तिकापर्यंत ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुनात ७९. मधल्या मार्गशीर्ष-पौषात मात्र १ जानेवारी कुठे पडते ते त्या त्या वर्षी बघावं लागतं. शके १८१९ चा पौष २४ डिसेंबर १८९७ ला लागला आणि शुद्ध पक्षाच्या मध्यावरच इंग्रजी साल बदललं. म्हणजे त्या एकाच महिन्याच्या पहिल्या आठवड्याला ७८ आणि उरलेल्याला ७९. आपला कागद वद्य ३० चा, म्हणजे अमावास्येचा. तुम्ही म्हणता तसा जानेवारी १८९७ धरला तर तेव्हा शके १८१८ चालू होता; १८१९ चा पाडवा यायला अजून दोन महिन्यांहून जास्त अवकाश होता.

आता आकड्याचं. फोटोत घडी नेमकी त्या आकड्यावरून गेली आहे आणि जुन्या हातात ९ ची शेपटी आखूड असली की तो १ च दिसतो. तुमची शंका रास्त आहे. मीही तिथे आकड्याकडे बघत बसलो नाही, त्याच्या पुढे बघितलं. पुढे «हेमलं» एवढी अक्षरं आहेत, बाकीची घडीत गेली. संवत्सरांची नावं साठ आणि ठरलेल्या क्रमाने येतात. आपल्याकडच्या पद्धतीत शकात १२ मिळवून साठाने भागायचं, बाकी उरेल तो प्रभवपासूनचा क्रमांक. १८१९ अधिक १२ म्हणजे १८३१, बाकी ३१, आणि एकतिसावं संवत्सर हेमलंबी. १८११ घेतलं तर बाकी २३ येते, ते विरोधी. तिथे «हे» बसतच नाही. हेमलंबी साठ वर्षांनी पुन्हा येतं हे खरं, पण मग शके १७५९ किंवा १८७९. कागदावर «१८१» स्वच्छ आहे.

वाराने मात्र मला एक संध्याकाळ झुलवलं. «मं» नंतर शाईचा डाग. मी मंगळवार धरून बसलो आणि काही केल्या जुळेना, कारण २२ जानेवारी १८९८ ला शनिवार होता. शेवटी मालकांकडून खिडकीपाशी, तिरप्या उजेडात नवा फोटो मागवला, तेव्हा डागाखाली «द» दिसला. मंदवासरे! मंद म्हणजे शनी. मंगळवार लिहायचा असता तर अशा कागदात भौमवासरे आलं असतं. हा घोळ नेहमीचा आहे. सौम्यवासरे वाचून लोक सोमवार लिहितात. तो बुधवार, सोमवार म्हणजे इंदुवासरे. (कानडी वळणाच्या कागदात पौषाचा पुष्य आणि वद्याचं बहुळ होतं, ते वेगळंच.)

वार जुळला नसता तर मी तारीख छापलीच नसती. तिथी धरायची ती सूर्योदयाची, आणि ती दिवसात किंवा रात्रीत केव्हाही बदलू शकते, म्हणून नुसत्या तिथीवरून काढलेली तारीख एका दिवसाने चुकायची शक्यता कायम असते. त्या शनिवारी अमावास्या दुपारी एकच्या सुमारास संपली. संध्याकाळी बसून कागद लिहिला असेल तर आकाशात माघ शुद्ध प्रतिपदा चालू होती, पण लिहिणारा दिवसाची तिथीच घालतो.

आणि एक गोष्ट मी मागच्या लेखात लिहिलीच नव्हती. नव्या फोटोत चौथ्या ओळीत «सूर्योपराग पर्वकाळीं» असं आहे. उपराग म्हणजे ग्रहण. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण महाराष्ट्रातून गेलं. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला वेधासाठी परदेशातूनही ज्योतिर्विद येऊन तळ ठोकून होते. निपाणी-बेळगावात ते खंडग्रास होतं, दुपारचं. ग्रहणाच्या पर्वावर जमीन दान देऊन त्याच दिवशी कागद केला, असा हा प्रकार.

तेव्हा शेवटचा आकडा फोटोत अजूनही धूसर आहे, ते तुमचं बरोबर. मी तो आता कंसात घालतो, शके १८१(९). तारीख आहे तशीच ठेवतो. तुमच्याकडे खानापूर भागातले असे कागद असतील तर शकाच्या आकड्याबरोबर संवत्सर आणि वार असलेली ओळ पूर्ण येईल असा फोटो पाठवा, फ्लॅश न मारता.