चावी देण्याआधीचे कागद

"मावशी, वाकडला फ्लॅट मिळालाय. पण घरमालक चावीच्या आधी आधारची झेरॉक्स आणि कंपनीचं पत्र मागतायत. मी रुजू होणार पुढच्या सोमवारी, पत्र आत्ता कुठून आणू? तुमच्या इंग्लंडमध्येही असंच असतं का?" (सांगलीहून पुण्याला निघालेली माझी भाची)

इथे तर कागद न तपासता, देशात राहायची परवानगी नसलेल्याला घर दिलं, तर घरमालकालाच दंड होतो. 2014च्या इमिग्रेशन कायद्यातली ही तपासणी 1 फेब्रुवारी 2016 पासून सगळ्या इंग्लंडला लागू आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ती नाही. 2024 पासून पहिल्याच चुकीला एका भाडेकरूमागे दहा हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

मला यातली पद्धत आवडते. आमच्यासारखे व्हिसावाले सरकारी साइटवरून एक कोड काढतात. घरमालक तो कोड आणि जन्मतारीख टाकतो, की त्याला आपला फोटो दिसतो आणि इथे भाड्याने राहायची परवानगी कधीपर्यंत आहे ते कळतं. कोड 90 दिवसांनी निकामी होतो. घरमालकाने तपासणीची नोंद किती काळ ठेवायची हेही ठरलेलं आहे : भाडेकरू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष.

नोकरीचं पत्र हा वेगळा मामला. ते कायद्याने नव्हे, रिवाजाने मागतात. एजंट थेट कंपनीला विचारतो : ही व्यक्ती आहे का, कधीपासून, पगार किती, नोकरी कायम की कंत्राटी. वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवा, असा ढोबळ हिशेब असतो. भाडं 1,200 पौंड असेल तर पगार 36,000. कमी पडला तर जामीनदार आणा. या चौकशीचे पैसे मात्र 2019 पासून भाडेकरूकडून घेता येत नाहीत.

भाचीचा प्रश्न घरच्या ग्रुपवर गेला आणि दाजी तापले. "आधार मागणंच बेकायदा आहे, सुप्रीम कोर्टाने 2018 साली सांगितलंय." अर्धं बरोबर आहे. खाजगी माणसाला आधारची सक्ती करता येत नाही. आपण होऊन दाखवायला मनाई नाही. कोथरूडच्या मैत्रिणीने स्वतःचीच कथा लावली. तिचा भाडेकरू तीन महिन्यांचं वीजबिल थकवून गेला, म्हणून आता ती सगळ्यांकडून सगळंच घेते. तिचा राग मला पटतो. पण आधारची झेरॉक्स असती तरी ते बिल भरलं गेलं नसतं. त्यासाठी डिपॉझिट आणि रजिस्टर केलेला करार लागतो.

महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो केला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे घरमालकाला खरं संरक्षण हवं असेल, तर ते या नोंदणीत आहे. ऑनलाइन नोंदणीत तुझा आधार क्रमांक आणि अंगठा लागतोच. मग वेगळी झेरॉक्स त्यांच्या कपाटात कशाला? त्यांनी हट्टच धरला, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार आधी पुढे कर, आणि प्रतीवर आडवं लिही : "फक्त वाकडच्या फ्लॅटच्या भाडेकरारासाठी", खाली तारीख.

पत्राचं म्हणशील, तर रुजू होण्याआधी एचआर ते देईलच असं नाही. ऑफर लेटरची प्रत दे, पगाराची फोड झाकून, एकूण आकडा ठेवून. शिवाय एचआरला विनंती कर, की कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून घरमालकांना दोन ओळी पाठवा : पद, रुजू होण्याची तारीख. घरमालकांसाठीही हेच भरवशाचं. खोटं लेटरहेड कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात बनतं, आणि त्यावरच्या मोबाइलवर फोन केला तर पलीकडे भाडेकरूचा मित्रच असू शकतो. नंबर कंपनीच्या साइटवरून घ्यावा. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं, तर सरळ नाही म्हण.

इंग्लंडचंही सगळं गोड नाही. दंडाच्या धाकाने काही घरमालक परदेशी पासपोर्टवाल्यांना दारातूनच परत पाठवतात. हायकोर्टाने 2019 मध्ये हा भेदभाव मानून नियमावर ताशेरे ओढले. 2020 मध्ये अपील कोर्टाने भेदभाव होतो हे मान्य केलं, तरी नियम ठेवला. मला तो निकाल आजही पटत नाही. पुण्यात तर कागदांच्या आधी आडनाव, लग्न झालंय का, मांसाहार करता का, हे विचारून होतं, आणि ते कुठल्याही फॉर्मवर नसतं.

ज्यांच्याकडे कंपनीच नाही, त्यांनी काय दाखवायचं? इथे स्वतःचा धंदा असणारा कर भरल्याचे कागद देतो. वाकडमध्येच पोळ्या करणाऱ्या, चार घरांतून रोख पैसे घेणाऱ्या बाईने घरमालकाला काय द्यावं, हे मी ग्रुपवर विचारलं. दाजींनी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि मलाही धड सुचलेलं नाही.