पाचच मिनिटांचं काम

मित्राने पॉडकास्ट सुरू केला आणि एडिटिंगला माणूस हवाय म्हणाला. मला ते थोडंफार येतं, नोकरी सांभाळून चार पैसे वरचे मिळतील, शिवाय आवडीचं काम, त्यामुळे मी लगेच हो म्हणून टाकलं. "आठवड्याला एक एपिसोड, पाऊण तासाचा. किती वेळ लागेल रे तुला?" असं त्याने विचारलं तेव्हा मी दोन सेकंद छताकडे बघितलं आणि "तीन तास" म्हणालो. हे तीन तास आले कुठून याचा मी नंतर बराच शोध घेतला. छताखेरीज दुसरा सोर्स सापडला नाही.

बायकोने फक्त एवढंच विचारलं, "तीन तास म्हणजे तुझे तीन तास, की घड्याळातले?"

मी दुर्लक्ष केलं. मग तिने काय केलं, तर फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. दोनच रकाने. डावीकडे 'म्हणाला', उजवीकडे 'लागले'. मी लॅपटॉप उघडला की ती वेळ लिहिणार आणि बंद केला की परत लिहिणार. मध्ये मी नुसता स्क्रीनकडे बघत बसलो तरी ते धरायचं, असा नियम. मला तो तेव्हा अन्यायकारक वाटला होता, पण सगळा हिशोब शेवटी त्या एका नियमावरच आला.

पहिल्या आठवड्याचा उजवा रकाना: ९ तास ४५ मिनिटं.

मी रीतसर भांडलो. म्हटलं एडिटिंग तीनच तासांचं होतं, बाकीचं काय ते काम थोडंच आहे. मग आम्ही बसून एकेक ओळ वाचली. नुसतं कापायचं काम, म्हणजे 'अं', 'म्हणजे', 'ऐक ना' आणि मधले मोठे पॉज काढणं, हे २ तास ५० मिनिटं. म्हणजे माझा अंदाज अगदी बरोबर होता की! फक्त मी सव्वातासाच्या प्रवासात गाडी चालवायची तेवढीच वेळ मोजली होती, किल्ली शोधणं, पार्किंग, सिग्नल हे सगळं कुणीतरी दुसराच करणार होता.

कारण कापण्याआधी दोघांचे आवाज जुळवायला लागतात. दोघांनी आपापल्या मशीनवर रेकॉर्ड केलेलं, आणि दोन मशीनची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. सुरुवातीच्या टाळीवर मी दोन्ही ट्रॅक मस्त बसवले आणि खूश झालो, पण चाळिसाव्या मिनिटाला पाहुणे जोक सांगायच्या आधीच आमचा मित्र हसायला लागला. ते सरळ करायला ३५ मिनिटं. मग फॅनची घरघर काढणं आणि आवाज वरखाली करणं ५० मिनिटं. मग पूर्ण एपिसोड एकदा शेवटपर्यंत ऐकणं, यात काही शॉर्टकट नाही, पाऊण तासाचं ऐकायला पाऊण तास लागतोच, मध्ये थांबून नोंद केली तर ५० मिनिटं. एक्स्पोर्ट, अपलोड, वर्णन लिहिणं अर्धा तास. बिल वीस मिनिटं, कारण दर वेळी मागचं बिल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलं ते शोधायला लागतं.

आता उरले ते तीन चोर. एक, मित्राचे मेसेज, १ तास २० मिनिटं. दोन, त्याचे बदल, सव्वा तास. "बाविसाव्या मिनिटाचं ते वाक्य काढ ना" असा मेसेज येतो, मी काढतो, पण पुढच्या मिनिटात पाहुणे "तू आत्ता म्हणालास तसं" म्हणतात, मग तेही काढायला लागतं, मग पुन्हा एक्स्पोर्ट, पुन्हा अपलोड. आणि तिसरा चोर सगळ्यात बेरकी: बसल्यावर सूर लागेपर्यंतचा वेळ. मागच्या वेळी कुठे थांबलो, कुठला ट्रॅक म्यूट केला होता, हेडफोन कुणी घेतला. दर बैठकीला साधारण पाव तास, आणि मी पाच बैठकांमध्ये काम केलं, म्हणजे अजून सव्वा तास. हेच काम दोन बैठकांत केलं असतं तर त्यातला पाऊण तास वाचला असता. हे मला अंदाज करताना कधीच सुचलं नसतं, कारण अंदाज करताना माणूस नेहमी आधीच सूर लागलेला असतो.

हे माझं एकट्याचं नाही हे कळल्यावर जरा बरं वाटलं. काहनेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच याला नाव देऊन ठेवलंय, आणि १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल, तर सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस आणि लागले सुमारे ५५. गंमत पुढे आहे. त्यांना असंही विचारलं होतं की सगळं बिनसलं तर किती लागतील, तर म्हणाले ४८-४९. म्हणजे सगळं बिनसवूनही आठवडाभर कमीच पडले! मी हे बायकोला उत्साहाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग तुला माहीत असून तू तीन म्हणालास?"

कागद चार आठवडे राहिला. दुसऱ्या आठवड्यात ८ तास १० मिनिटं, तिसऱ्यात ११ (पाहुण्यांचं नेट गंडलेलं), चौथ्यात ७ तास ३५ मिनिटं. मी म्हटलं बघ, हात बसतोय, कमी होतंय. तिने दाखवलं की चौथा एपिसोड मुळात अर्ध्या तासाचाच होता.

मग प्रश्न आला की माझ्याकडे आहेत किती. आठवड्याचे १६८ तास. झोप ५६, नोकरी आणि जाणं-येणं ५५, घरकाम-जेवण-आंघोळ २८, घरच्या माणसांना तोंड दाखवायला १२. उरले १७. मी टाळीच वाजवणार होतो, पण ती म्हणाली हे १७ कुठे आहेत ते दाखव. तर ते वीस-वीस मिनिटांचे तुकडे निघाले, किंवा रात्री साडेदहानंतरचे. आणि रात्री साडेदहानंतर मी तेच दहा सेकंद चार वेळा ऐकतो आणि पाचव्यांदा विसरतो की काय कापायचं होतं. सलग दीड तास मिळेल आणि डोकं जागेवर असेल अशा जागा शोधल्या तर दोन संध्याकाळी आणि एक रविवार सकाळ, मिळून सहा तास. ते सुद्धा कुणी आजारी नसेल तर.

सहा तासांच्या डब्यात नऊ तास भरले की वरचे तीन कुठून येतात हे कागदावरच दिसत होतं, लॅपटॉप बंद झाल्याच्या वेळा साडेबारा, एक, पावणेएक. मी झोपेतून उसने घेत होतो आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये परत करत होतो.

सरासरी काढून ठरवावं असं मला वाटत होतं, ती सव्वानऊच्या आत येते. पण ११ वाला आठवडा आला तेव्हा सरासरी माझ्या मदतीला आली नव्हती, त्यामुळे हिशोब ११ चाच धरला. पंधरा दिवसांना एक एपिसोड म्हणजे वाईटात वाईट आठवड्याला साडेपाच. बसतंय. बदलांची एकच फेरी, सगळे बदल एकाच मेसेजमध्ये.

मित्राला फोन लावला, स्पीकरवर टाकला, सगळं सांगितलं. तो बिचारा समजूतदार, लगेच तयार झाला.

"चालेल रे, काहीच प्रॉब्लेम नाही. फक्त मधल्या आठवड्यात दोन-तीन रील्स काढून दे त्यातून, पाचच मिनिटांचं काम आहे."

मी तोंड उघडलं. मागे फ्रिजच्या दारावर पेन्सिलचा आवाज आला.