जुन्या डिस्क आधी मोजा, मग ड्राइव्हचं ठरवा

"नवीन पीसीत डीव्हीडी ड्राइव्ह आणि कार्ड रीडर लावणं म्हणजे पैसे वाया. जुन्या सीडी-डीव्हीडी शंभर वर्षं टिकतात, घाई कसली? लागल्याच तर कुणाचा तरी लॅपटॉप आणा, एका दुपारी सगळं ड्रॅग करून कॉपी करा आणि डिस्क फेकून द्या. कॅमेऱ्याला तर केबल असतेच."

असा सल्ला नेहमी ऐकू येतो. आधी त्या शंभर वर्षांचं बघू, कारण बाकी सगळा निवांतपणा त्याच आकड्यावर उभा आहे. असे आकडे उत्पादकांनी प्रयोगशाळेत उष्णता आणि दमटपणा वाढवून केलेल्या चाचण्यांवरून काढलेले अंदाज आहेत. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये माहिती प्लॅस्टिकवरच्या खळग्यांच्या रूपात असते. आपण घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये ती रंगद्रव्याच्या पातळ थरात असते आणि तो थर उन्हाने, दमट हवेने बिघडतो. सीडीत हा थर लेबलच्या बाजूला, लॅकरच्या अगदी खाली असतो. म्हणून खालच्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा निभावतो, पण लेबलवरचा खोल ओरखडा किंवा ओढून काढलेला स्टिकर माहितीच सोलून नेतो. डीव्हीडीत तो थर 0.6 मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे तिथे चकत्यांचा जोड कडेकडून सुटण्याची भीती जास्त.

शिवाय ड्राइव्ह छोट्या चुका न सांगता दुरुस्त करत राहतो. डिस्क बिघडत चाललेली असते आणि आपल्याला ती ठणठणीत वाटते, मग एक दिवस अर्धे फोटो उघडत नाहीत. आधी सहज कळणारी खूण अशी: वाचताना वेग मध्येच कोसळतो, ड्राइव्ह थांबतो आणि पुन्हा फिरायला लागतो. असा आवाज आला की ती डिस्क बाजूला काढा आणि सगळ्यांत आधी तिचीच प्रत घ्या.

आता ड्रॅग करून कॉपी करण्याचं. चांगल्या डिस्कला ते चालतं. खराब डिस्कवर फाइल एक्सप्लोरर एकाच फाइलवर अडून बसतो, शेवटी एरर देतो आणि त्या फाइलचा वाचता येणारा भागही हाती लागत नाही. माझ्याकडे 2008 साली बर्न केलेली एक डीव्हीडी-आर होती, मुलाच्या पहिल्या वर्षाच्या फोटोंची, साधारण 4.2 जीबी भरलेली. ड्रॅग करताना ती तिसऱ्या फोल्डरवर अडली ती अडलीच. मग लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून मशीन चालू करून ddrescue वापरलं. हे साधन फाइली बघत नाही, 2048 बाइटचे सेक्टर वाचत अख्ख्या डिस्कची प्रतिमा बनवतं, अडलं की पुढे जातं आणि काय राहिलं याचा नकाशा एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं.

```
ddrescue -n -b 2048 /dev/sr0 disc.iso disc.map
ddrescue -d -r3 -b 2048 /dev/sr0 disc.iso disc.map
```

पहिली आज्ञा सहज मिळेल तेवढं उचलते. दुसरी उरलेल्या जागी तीनदा परत जाते. दोन्ही झाल्यावर माझे 58 एमबी राहिले होते, बहुतेक डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळचे. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून शेवटी टाकलेल्या फाइलींनाच हा फटका बसतो.

मग तीच डिस्क दुसऱ्या एका जुन्या ड्राइव्हमध्ये घातली आणि त्याच नकाशासह दुसरी आज्ञा पुन्हा दिली. राहिले 1.4 एमबी. सगळे ड्राइव्ह एकाच नजरेने वाचत नाहीत, एकाला न दिसणारा सेक्टर दुसऱ्याला दिसतो. अशा डिस्कसाठी एकच उसना लॅपटॉप पुरत नाही तो यामुळेच.

उरलेलं नुकसान कोणत्या फाइलींत आहे तेही कळतं. प्रतिमेची आणखी एक प्रत काढायची, खराब सेक्टरवर खूण भरायची आणि ती खूण शोधायची.

```
cp disc.iso check.iso
printf 'BADSECTOR ' > mark.txt
ddrescue --fill-mode=- mark.txt check.iso disc.map
sudo mount -o loop,ro check.iso /mnt
grep -rl BADSECTOR /mnt
```

माझ्या यादीत तीन फोटो आणि एक व्हिडिओ आला. त्यातल्या एका फोटोत वरचा भाग स्वच्छ, चेहरा पूर्ण, आणि त्याखाली सपाट करडा पट्टा आहे. तो फोटो मी ठेवलाय. ड्रॅग करत बसलो असतो तर तोही गेला असता.

ऑडिओ सीडीला ही पद्धत चालत नाही, कारण तिच्यावर 2048 बाइटचे डेटा सेक्टरच नसतात. तिथे cdparanoia किंवा Exact Audio Copy वापरा.

एका दुपारीचा हिशोबही करून बघा. चांगली डीव्हीडी वाचायला घालण्या-काढण्यासह 12 मिनिटं धरली तर साठ डिस्कना बारा तास लागतात. खराब डिस्क एकटीच रात्रभर चालते.

पैसे वाया जातात का, हे डिस्कच्या संख्येवर ठरतं. पाच-दहाच असतील आणि त्या कारखान्यात छापलेल्या असतील, तर आतला ड्राइव्ह खरंच नको, यूएसबीचा बारीक ड्राइव्ह पुरे. मात्र त्याला फिरायला सुरुवात करताना जास्त वीज लागते, तेव्हा हबमध्ये न लावता मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा, नाहीतर तो सारखा जोडला-तुटला होतो आणि डिस्कच खराब वाटते. बर्न केलेल्या पन्नासच्या वर डिस्क असतील तर दोन वेगवेगळे ड्राइव्ह हवेत, त्यातला एक डेस्कटॉपचा पूर्ण आकाराचा. त्यासाठी खास बे असलेलं कॅबिनेट घेऊ नका. बाजूचं पॅनल काढा, ड्राइव्ह टेबलावर सपाट ठेवा, साटाची डेटा केबल आणि पॉवर केबल मशीन बंद असताना लावा. काम संपलं की काढून ठेवा. आधी मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा, कारण काही बोर्डांवर एम.2 स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो.

जुन्या गेम्ससाठी ड्राइव्ह घेणार असाल तर थांबा. कॉपी रोखणाऱ्या SafeDisc संरक्षणाच्या डिस्क विंडोज 10 वर ड्राइव्ह असूनही चालत नाहीत, कारण त्याला लागणारा secdrv.sys ड्रायव्हर तिथे चालत नाही.

फेकण्याचं म्हणाल, तर प्रतिमा उघडून फाइली तपासल्याशिवाय आणि दोन वेगळ्या जागी प्रत ठेवल्याशिवाय नाही. ज्या डिस्कचे सेक्टर राहिलेत त्या तर फेकूच नका. नकाशाची फाइल जपून ठेवली तर पुढे तिसरा ड्राइव्ह मिळाल्यावर तिथूनच काम सुरू करता येतं.

कार्ड रीडरबद्दल माझं मत वेगळं आहे: तो घ्याच, पण आत बसवू नका. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बसणारे बरेच रीडर आतून यूएसबी 2.0 ला जोडलेले असतात आणि ते सेकंदाला 35 ते 40 एमबीच्या पुढे जात नाहीत. 64 जीबीचं भरलेलं कार्ड रिकामं करायला त्यावर अर्धा तास जातो. यूएसबी 3 चा छोटा बाहेरचा रीडर आणि चांगलं यूएचएस-I कार्ड असेल तर तेच काम बारा-तेरा मिनिटांत होतं. केबलचा प्रश्न वेगाहून मोठा आहे. बहुतेक कॅमेरे केबलवर फक्त फाइलींची यादी दाखवतात, कार्ड डिस्कसारखं दिसत नाही. चुकून कार्ड फॉरमॅट झालं तर पुसलेले फोटो शोधणाऱ्या PhotoRec ला अख्खं कार्ड सेक्टरपासून वाचावं लागतं आणि ते रीडरमधूनच जमतं. तसं झालं की कार्ड लगेच कॅमेऱ्यातून काढा आणि त्यावर आणखी एकही फोटो घेऊ नका.