गोळीच्या खोक्यातला कागद: आधी कुठे बघायचं

"खोक्यातला कागद वाचत बसू नका. तो डॉक्टरांसाठी असतो. कंपनी कोर्टकचेरीतून सुटायला साइड इफेक्ट छापते आणि ते वाचूनच माणूस आजारी पडतो. डॉक्टरांनी गोळी दिली की निमूट घ्यायची."

सोलापूरच्या पूर्व भागात माझं औषधाचं दुकान आहे आणि हा मेसेज मला गिऱ्हाइकांनीच मोबाइलवर दाखवला. उत्तर देताना एकाच गोळीचं उदाहरण घेतो, थायरॉइडच्या. बाकीच्या गोळ्यांची स्ट्रिप आम्ही कापून देतो, त्यामुळे कागद दुकानातच राहतो. थायरॉइडची गोळी मात्र बऱ्याचदा अख्ख्या बाटलीने जाते आणि बाटलीभोवती गुंडाळलेला तो पातळ, आठ घड्यांचा कागद घरापर्यंत पोचतो.

डॉक्टरांसाठी असतो, हे अर्धं खरं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कागदांवर तसं छापलेलंही असतं. युरोपात रुग्णासाठी सोप्या भाषेतलं वेगळं पत्रक द्यावंच लागतं, आपल्याकडे सरसकट तशी सक्ती नाही. म्हणून इंग्रजी, बारीक अक्षर आणि डॉक्टरी शब्द. पण कुठली गोळी, किती ताकदीची, हे डॉक्टर ठरवतात. ती किती वाजता, कशाबरोबर आणि दुसऱ्या कुठल्या गोळीसोबत पोटात जाते, हे घरात ठरतं. तिथे डॉक्टर नसतात.

माझ्या एका गिऱ्हाइकाचं सांगतो. बिड्या वळणाऱ्या अक्का, वय पन्नाशीच्या पुढे. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी, गोळी कमी पडली की हा आकडा चढतो, जास्त झाली की उतरतो. अक्कांचा टीएसएच 14 आला म्हणून डॉक्टरांनी 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी टीएसएच 9.6. गोळी 75 ची झाली. पुन्हा दोन महिन्यांनी 8.8, मग 100 ची. अक्का एक दिवसही गोळी चुकवत नव्हत्या. तिसरी बाटली घ्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, "अक्का, अजून काय काय घेता?"

"हाडाच्या डॉक्टरनी कॅल्शियम दिलंय की. सकाळी चहासंगट सगळ्या गोळ्या एकदाच घेऊन टाकते, मग बिड्यांचं सूप घेऊन बसायचं."

मी तिथेच खोकं उघडलं आणि कागदावरच्या दोन जागा त्यांच्या मुलीला दाखवल्या. एक 'डोसेज अँड ॲडमिनिस्ट्रेशन', म्हणजे गोळी किती आणि कशी घ्यायची. तिथे लिहिलेलं असतं की गोळी रिकाम्या पोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्या. दुसरी 'ड्रग इंटरॅक्शन्स', म्हणजे दुसऱ्या औषधांशी होणारा संबंध. तिथे कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची काही औषधं यांची नावं असतात आणि कॅल्शियम-लोहापासून किमान चार तासांचं अंतर ठेवा असं सांगितलेलं असतं. कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवतं, त्यामुळे ते पुरेसं रक्तात जातच नाही. अक्का रोज गोळी गिळत होत्या, पण त्यातली किती लागू पडत होती कोण जाणे. कॅल्शियम दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं. दोन्ही गोळ्या एकत्र कुणी पाहिल्याच नव्हत्या.

सामान्य माणसाने आधी वाचायच्या त्या याच दोन जागा. त्यांच्यानंतर 'कॉन्ट्राइंडिकेशन्स', म्हणजे कुणी घेऊ नये. तिथे आपला एखादा जुना आजार किंवा गरोदरपण सापडलं तर ते डॉक्टरांना आधी सांगितलंय का, एवढं तपासायचं. औषध शरीरात कसं फिरतं हा लांबलचक भाग सरळ सोडून द्या.

कोर्टकचेरीचं बोलायचं तर, या कागदावर कुठले मथळे हवेत हे आपल्या 1945 च्या औषध नियमांमध्ये, शेड्यूल डी-टू मध्ये, दिलेलं आहे. मात्रा, कुणी घेऊ नये, इतर औषधांशी संबंध, गरोदरपण, गाडी चालवण्यावर परिणाम, नको असलेले परिणाम, जादा झाल्यास काय, साठवण. साइड इफेक्ट हा त्यातला एकच मथळा. कंपनी स्वतःला जपूनही लिहीत असेल, पण चार तासांचं अंतर ठेवा या वाक्याने रुग्णाचंच भलं होतं.

आता वाचून आजारी पडण्याचं. हे मी हसण्यावारी नेणार नाही, कारण असं खरंच होतं. 2020 साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. कोलेस्टेरॉलची गोळी त्रास होतो म्हणून सोडलेल्या 60 जणांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधाची आणि काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे नव्वद टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीवरही जाणवला. म्हणून ती यादी पहिल्या दिवशी वरपासून खालपर्यंत वाचू नका, असं मीही सांगतो. वाचलीच तर आकडे बघा. बऱ्याच कागदांत 'कॉमन' म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना आणि 'रेअर' म्हणजे हजारात एकापेक्षाही कमी. आकडा न बघता नुसती नावं वाचली की सगळंच आपल्याला होणार असं वाटतं.

पण त्याच यादीचा अक्कांना उपयोग झाला. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर गेलं, थायरॉइडची गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर आली. तेव्हाच मी सांगितलं होतं की हा बदल डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण आता 100 ची गोळी पूर्ण लागू पडणार. ते राहून गेलं. पाच-सहा आठवड्यांनी मुलगी आली. आईला झोप नाही, छातीत धडधड, हात थरथरतो, बिडीचा दोरा नीट बांधता येईना. कागदावर नको असलेल्या परिणामांखाली नेमकं हेच लिहिलेलं असतं, आणि या गोळीच्या बाबतीत ते बहुतेक मात्रा जास्त होत असल्याची खूण असतं. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. टीएसएच 0.2 निघाला. गोळी परत 75 वर आली आणि दोन महिन्यांनी टीएसएच 2.3. अक्कांनी घाबरून गोळी बंद केली असती तर पहिल्याच जागी परत गेल्या असत्या. यादीचा उपयोग डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं ते कळण्यासाठी. गोळी थांबवायची की कमी करायची, हे त्यांनीच ठरवायचं.

साठवणीची ओळ शेवटी असते आणि कुणी तिथपर्यंत पोचत नाही. थायरॉइडच्या बाटलीवर 25 किंवा 30 अंशांच्या खाली, उजेड आणि ओल यांपासून दूर असं छापलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात, खिडकीतल्या फळीवर ठेवलेली बाटली दुपारभर तापते. घरातली सगळ्यात गार, कोरडी जागा शोधा आणि गोळ्या दुसऱ्या डबीत न काढता त्याच बाटलीत ठेवा.

स्ट्रिप कापून घेणाऱ्यांनी दुकानात कागद मागावा. दहा स्ट्रिपच्या खोक्यात बहुधा एकच असतो, पण तेवढ्याचा मोबाइलवर फोटो काढता येतो. इंग्रजी अडलं तर दुकानदाराला त्या दोन जागांवर बोट ठेवायला सांगा. अक्कांच्या मुलीने बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलंय, 'पहाटे 5, फक्त पाणी', आणि कॅल्शियमचं पाकीट भाकरीच्या टोपल्याजवळ गेलंय.