डब ऑडिओ चढवला म्हणजे शीर्षकाचं काम झालं?

"व्हिडिओला हिंदी-इंग्रजी ऑडिओ चढवला की झालं. प्रेक्षकाने हिंदी आवाज निवडला की यूट्यूब शीर्षकही हिंदीत दाखवतं. वेगवेगळी शीर्षकं भरत बसलात तर व्ह्यूज वाटले जातात. आणि भरायचीच असतील तर सरळ भाषांतर करून चिकटवा."

ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या माझ्या वहिनीचं पाककृतींचं चॅनल आहे. व्हिडिओ चढवणं माझ्याकडे. हा मेसेज तिनेच पाठवला, खाली एक ओळ लिहून: "भाऊजी, मग तुम्ही दोन-दोन तास काय करता?"

आधी व्ह्यूजचं, कारण ते एका वाक्यात संपतं. भाषा कितीही जोडा, व्हिडिओ एकच राहतो, लिंक एकच आणि व्ह्यूजचा आकडाही एकच. व्ह्यूज वाटले जातात ते हिंदीसाठी वेगळा व्हिडिओ चढवला तर.

आता आवाज निवडला की शीर्षक बदलतं, हे. तसं होत नाही. आवाज बदलायची सोय प्लेअरमधल्या दातेरी चाकात आहे. तिथे हिंदी करा, आवाज हिंदी होतो, वरचं शीर्षक जिथल्या तिथे. शीर्षक कोणत्या भाषेत दिसायचं हे मुख्यतः प्रेक्षकाच्या ॲपची भाषा ठरवते, आणि त्या भाषेतलं शीर्षक कोणी दिलेलंच नसेल तर मूळ दिसतं. शिवाय सर्चमध्ये शीर्षक दिसतं ते व्हिडिओ उघडण्याच्या आधी. तेव्हा आवाज निवडायचा प्रश्नच नसतो.

यातून एक गोम निघते. ठाण्यात मराठी माणसाचा फोन बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. म्हणजे इंग्रजी शीर्षक भरलं की ते परदेशातल्या प्रेक्षकाइतकंच शेजारच्या काकूंनाही दिसणार. म्हणून मोदकाच्या व्हिडिओला मी Steamed Dumplings वगैरे लिहिलं नाही. Ukadiche Modak: why the shell cracks असं लिहिलं, म्हणजे काकूंना पहिल्या दोन शब्दांत ओळख पटते.

शीर्षकं भरायची जागा यूट्यूब स्टुडिओत डावीकडच्या Languages मध्ये आहे. व्हिडिओ निवडून भाषा जोडली की शीर्षक-वर्णन आणि ऑडिओ यांच्या नोंदी वेगवेगळ्या दिसतात. एक भरली म्हणून दुसरी भरली असं धरू नका. पण त्याआधी व्हिडिओच्या Details मध्ये Show more उघडून दोन रकाने तपासा: Video language आणि Title and description language. पहिल्यात बोलण्याची भाषा, दुसऱ्यात लिहिण्याची. मी इथेच आपटलो होतो. अपलोडच्या ठरावीक सेटिंगमध्ये दुसऱ्या रकान्यात इंग्रजी राहिलं होतं. यूट्यूबच्या लेखी आमचं मराठी शीर्षक हेच इंग्रजी शीर्षक होतं, त्यामुळे इंग्रजी भाषांतर जोडायला जागाच सापडेना. अर्धी संध्याकाळ त्यात गेली. रकान्यात मराठी केल्यावर सुटलं.

सरळ भाषांतराचा सल्ला सगळ्यात महाग पडतो. मूळ शीर्षक होतं, "उकडीच्या मोदकाची पारी फुटते का? हे करून बघा". भाच्याने हिंदी केलं "उबले हुए मोदक". उबलना म्हणजे पाण्यात उकळणं. मोदक आपण वाफवतो. 'पारी' तर हिंदी प्रेक्षकाला कळायचीच नाही. शेवटी ठेवलं, "चावल के आटे के मोदक फट जाते हैं? भाप में पकाने का सही तरीका". तिकडचा माणूस शोधताना जे शब्द टाईप करेल ते यात आहेत. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवर लांब शीर्षक मध्येच कापलं जातं, म्हणून 'मोदक' आणि 'फट' सुरुवातीलाच आणले. टॅग मात्र भाषावार देता येत नाहीत. हे शब्द शीर्षकात किंवा वर्णनातच बसवावे लागतात.

वर्णनाचं दुखणं निराळं. प्रत्येक भाषेचं वर्णन स्वतंत्र मजकूर असतो. मराठीत केलेली दुरुस्ती हिंदीत आपोआप उतरत नाही. वहिनीने ऑर्डरचा नंबर बदलला, मी मराठीत बदलला आणि विसरलो. हिंदी वर्णनात जुनाच नंबर राहिला. ऐरोलीच्या एका बाईंनी दोन दिवस त्यावर फोन केले, मग वैतागून कमेंटमध्ये लिहिलं. तेव्हापासून नंबर मी वर्णनात देतच नाही, फक्त एका पानाची लिंक देतो. नंबर बदलला की ते एक पान बदललं की पुरे.

काम बरोबर झालंय का, ते असं बघतो. कॉम्प्युटरवर इन्कॉग्निटो खिडकीत व्हिडिओ उघडायचा, यूट्यूबच्या मेन्यूतून भाषा हिंदी करायची, पान पुन्हा उघडायचं, शीर्षक-वर्णन वाचायचं. मग इंग्रजी. शेवटी दातेरी चाकात प्रत्येक ऑडिओ दहा सेकंद ऐकायचा. वहिनीला शेजारी बसवून एकदा दाखवलं. आवाज हिंदी केला, शीर्षक मराठीच. ती म्हणाली, "अगंबाई, खरंच की!" आणि तो मेसेज जिथून आला होता त्या भिशीच्या ग्रुपवर फोटो काढून टाकला.